मशीन का हवं ते सांगा

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत पेपर काढले. 'कोणतेही पाच प्रश्न सोडवा' असं वर ठळक लिहूनही दरवर्षी कोणीतरी सातच्या सात सोडवून मोकळं व्हायचं, आणि कोणी तीनच सोडवून रडवेल्या तोंडाने माझ्यापुढे उभं राहायचं. "सूचना वाचली नाहीस?" एवढंच मी विचारायचे. त्यापुढे कोणाला बोलायची सोय नसायची. निवृत्त झाल्यावर हा खाक्या सोडायला हवा होता. मी तो बहिणीच्या घरी घेऊन गेले आणि तिथे एका बाईचं नुकसान केलं.

माझी धाकटी बहीण व्हिडिओवर शिवणकाम शिकवते. बोलताना तिच्या ओठांत कायम एक टाचणी धरलेली असते. बघणाऱ्या बायका आधी तिला त्यावरून रागावायच्या, मग टाचणीताई म्हणू लागल्या, आणि आता आम्ही घरातलेही तिला टाचणीच म्हणतो. तिचा नवरा कॅमेरा आणि एडिटिंग सांभाळतो. बावन्न वर्षांच्या माणसाला मी अजून जावईबापू म्हणते, कारण त्याला ते आवडत नाही. टाचणीला कापड सरळ कापता येतं, वाक्य येत नाही, म्हणून तिच्या व्हिडिओंचं लिखाण माझ्याकडे. कमेंटना उत्तरंही मीच देते. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे, पण माझा दिवस तिच्या पुढच्या खोलीत जातो. तिथे कापडं कापायचं लांब टेबल आहे, स्टँडवरचे दोन दिवे आहेत आणि भिंतीला चिमट्यांनी लावलेली फिकी चादर आहे. शूटिंग सुरू झालं की आवाज येतो म्हणून फ्रिज बंद करायचा आणि नंतर तो चालू करायला विसरायचं, हा त्या घरचा नियमच आहे.

शिवणयंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने टाचणीला तीन मशीनं देऊ केली. तिने ती प्रेक्षकांत वाटायची, म्हणजे हल्ली ज्याला गिव्हअवे म्हणतात तो करायचा. कंपनीकडून जाहिरातीचं काम बघणारा एक गृहस्थ आमच्याशी बोलायचा. तो आम्हाला मॅडम म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणायचो.

मी पहिली स्क्रिप्ट लिहिली ती अगदी पेपरासारखी. बक्षिसं किती, भाग कोण घेऊ शकतं, काय करायचं, मुदत कधी, नावं कशी निघणार, निकाल कुठे कळणार. साहेबांनी फोनवर ती ऐकली आणि म्हणाले, "मॅडम, ही तर नोटीस झाली. लोक पळून जातील."

"नियम सांगायला नकोत का?" मी विचारलं.

"सांगा ना. व्हिडिओच्या खाली लिहा. बोलताना जरा आपुलकी हवी. लोकांनी कमेंट केल्या पाहिजेत, भरपूर."

जावईबापूंनी लगेच मान डोलावली. दुसऱ्या मिनिटाला निम्मे लोक निघून जातात म्हणाले, आकडे दाखवले. मला राग आला. पण खरं सांगते, रागापेक्षा जास्त मला खुमखुमी आली. मला काय आपुलकीने लिहिता येत नाही? मी नियम सगळेच्या सगळे खाली टाकले, 'आणखी वाचा' असं दाबल्याशिवाय दिसणार नाहीत अशा जागी, आणि वर टाचणीच्या तोंडी वाक्य दिलं : "खाली कमेंटमध्ये मला मनापासून सांगा, मशीन तुम्हाला का हवं. मी प्रत्येक शब्द वाचणार आहे."

साहेब म्हणाले, "वा, मॅडम." दोन दिवस मी त्या 'वा' वर खूश होते.

व्हिडिओ सोमवारी गेला. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. खाली नियमांत स्वच्छ लिहिलं होतं की तीन नावं सोडतीने निघतील. कमेंटमध्ये काय लिहिलंय याचा निकालाशी काडीचा संबंध नव्हता. 'हवं' एवढा एक शब्द लिहिला तरी चालणार होतं.

पहिल्या दिवशी लोकांनी तेवढंच लिहिलं. घरी बसून ब्लाउज शिवेन. मुलीचे फ्रॉक शिवायचेत. जुनं मशीन सारखा दोरा तोडतं. मी एकेकीला उत्तरं देत होते, हसत होते. मंगळवारपासून कमेंटी लांब व्हायला लागल्या. कोणाचं दुकान बुडालेलं, कोणाचा मुलगा आजारी. एकीने लिहिलं, वरच्या ताईंकडे आधीच एक मशीन आहे, त्यांच्या जुन्या कमेंटी बघा, त्यांना देऊ नका. त्यावर त्या वरच्या ताईंनी आपल्या मशीनचं चाक मोडलेलं आहे हे शपथेवर सांगितलं. आणखी एकीने लिहिलं, माझी गरज या सगळ्यांपुढे काहीच नाही, मी माघार घेते, माझ्या वाटचं त्या आजारी मुलाच्या आईला द्या.

हे वाचलं तेव्हा मला उमगलं. या बाया परीक्षा देत होत्या. ज्याचं दुःख मोठं त्याला मशीन, असा त्यांचा समज झाला होता, आणि तो त्यांनी कुठून उचलला हे मला विचारायची गरज नव्हती.

गुरुवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन टाचणीच्या टेबलाशी बसले आणि कमेंटी उघडल्या. सगळ्यात वर एक कमेंट आली होती. ज्या कमेंटला जास्त लोक पसंती देतात ती आपोआप वर सरकते. हिला दोनशेच्या वर लोकांनी अंगठा दिला होता. लिहिणारीने फोटोच्या जागी निळ्या फुलाचं चित्र लावलं होतं, म्हणून मी तिला मनातल्या मनात निळं फूल म्हणू लागले. खरं नाव मला आजही माहीत नाही.

तिने लिहिलं होतं : "ताई, दार लावून लिहितेय. लग्नाला नऊ वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी ह्यांनी ढकललं, माझं मनगट मोडलं. घरी सगळ्यांना पायरीवरून पडले असं सांगितलं. डॉक्टरांनाही तेच. माहेरी कोणी नाही. मला शिवण येतं. मशीन मिळालं तर हळूहळू कामं घेईन आणि मुलीला घेऊन वेगळी राहीन. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय."

खाली चाळीस उत्तरं होती. धीर धर ताई. देव बघतोय. टाचणीताई, हिलाच द्या. एकीने प्रेमाने विचारलं होतं, कुठची गं तू? आणि हिने गावाचं नावही सांगून टाकलं होतं.

चहा तसाच राहिला. 'तुम्ही विचारलंत म्हणून' हे मी तीनदा वाचलं. मी विचारलं नव्हतं. मी कमेंटी वाढाव्यात म्हणून एक वाक्य लिहिलं होतं.

टाचणी आतून आली. मी फोन तिच्या हातात दिला. तिने ओठांतली टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली, म्हणजे ती खरंच घाबरली होती.

"हे काढून टाक आधी," ती म्हणाली. मग थांबली. "नको. तिला वाटेल आपण तिला हाकललं."

"तिला आधी सांगायला हवं."

"मग सांग ना."

"कसं सांगू? तिचा नंबर कुठे आहे आपल्याकडे?"

खरी अडचण ती होती. कमेंट करणाऱ्याला खासगीत काही कळवायची सोयच नसते. उत्तर द्यायचं तर तिथेच, चारचौघांत. 'ताई, हे काढून टाका, घरचे वाचतील' असं खाली लिहिलं तर ज्याचं लक्ष नाही त्याचंही जाईल.

जावईबापू कॅमेऱ्याची बॅटरी लावत होते. ते म्हणाले, "पण ताई, नियम खाली लिहिलेत की. सोडत आहे म्हणून स्पष्ट लिहिलंय तुम्ही. त्यांनी वाचलं नाही त्याला आपण काय करणार?"

त्या माणसावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते माझंच वाक्य होतं. अठ्ठावीस वर्षं मी ते लेकरांच्या तोंडावर फेकलं होतं.

"चूक वाचणाऱ्यांची नाही, जावईबापू," मी म्हणाले. "टाचणी एक बोलतेय आणि खाली दुसरं लिहिलंय. माणूस ऐकलेलं धरून चालतो. आणि ते लिहिणारी मी."

टाचणी हळूच म्हणाली, "मग एक मशीन तिलाच देऊया. कोणाला कळणार आहे?"

हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं, खोटं कशाला बोलू. चिठ्ठी काढल्यासारखं करायचं आणि नाव तिचं घ्यायचं. पण मग ज्या बाईने नियम वाचून इमानदारीत 'हवं' एवढंच लिहिलं तिच्याशी ती लबाडी झाली असती. आणि दुसरीही गोष्ट होती. साहेबांची अट अशी की मशीन कंपनीची गाडी घरपोच देणार आणि विजेतीचा दारात मशीनसोबत फोटो काढणार.

"कोणाच्या दारात?" मी टाचणीला विचारलं. "त्याच दारात ना?"

तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मी साहेबांना फोन लावला. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "बघितली ना ती कमेंट? आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मॅडम, आपण असं करू, सोडत सोडून द्या. सगळ्यात हृदयस्पर्शी तीन गोष्टी निवडा. मी एक छोटा व्हिडिओ करतो त्यांच्यावर."

"नियम मध्येच बदलता येत नाहीत," मी म्हणाले. "सोडत म्हणून जाहीर केलंय, सोडतच होईल. मी एवढंच करणार आहे की ते टाचणीच्या तोंडून नीट सांगणार. आणि फोटोची सक्ती काढा."

"फोटो नाही तर आम्हाला काय मिळणार?"

"फोटोची अट आम्ही लोकांना सांगितलेलीच नाही. खालच्या नियमांतही नाही. तुम्ही ती आम्हाला फोनवर सांगितलीत."

साहेबांनी फोटोचा हट्ट सोडला. मग म्हणाले, "बघा बुवा. पुढच्या वेळी आमच्या वरिष्ठांना दुसरा चॅनल बघावासा वाटला तर मी काही करू शकणार नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते नुसती माहिती देत होते. टाचणी शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने माझ्याकडे बघून खांदे उडवले, पण तिचा चेहरा उतरला होता. या कंपनीसाठी तिने वर्षभर खटपट केली होती.

मग आम्ही कामाला लागलो. जावईबापूंनी आधी दुपारी बारापर्यंतच्या सगळ्या कमेंटींची यादी उतरवून घेतली. नाव, वेळ आणि पुढे क्रमांक. एका नावाच्या दहा कमेंटी असल्या तरी क्रमांक एकच. यादी हाताशी आल्यावरच मी निळ्या फुलाची कमेंट काढून टाकली. तिच्याबरोबर खालची चाळीस उत्तरंही गेली. आता ती बाई कधीतरी फोन उघडणार आणि आपलं लिहिणं गायब झालेलं बघणार. ते का, हे तिला कळायचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे टाचणीचा पुढचा व्हिडिओ. इतकी वर्षं मी सूचना लिहिल्या, पण एका माणसाला त्या कळल्याच पाहिजेत म्हणून जीव टांगणीला लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मी लिहिलं. टाचणीला वाचून दाखवलं. तिला कळलं, पण तिला सगळं आधीच ठाऊक होतं, तिचा काय उपयोग. तेवढ्यात इस्त्रीवाला कपडे घेऊन दारात आला. मी त्याला आत बोलावून बसवलं.

"हे एकदा ऐका आणि काय कळलं ते मला सांगा," मी म्हणाले.

त्याने गठ्ठा मांडीवर ठेवून ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे बाई, मी काही नको ते लिहिलं असेल तर ते पुसून टाकायचं. पण पुसलं की मी बाद ना?"

"नाही, बाद नाही. लिहिलंय ना, यादीतली नावं कायम राहतील."

"कुठली यादी?"

मी कागद बघितला. यादी कोणी केली, कधी केली, हे मी लिहिलंच नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. खोडून पुन्हा लिहिलं आणि पुन्हा वाचलं. या वेळी तो म्हणाला, "आता कळलं. पण शेवटी कोणाला मिळणार हे तुम्ही फार उशिरा सांगता. आधी ते सांगा, माणूस त्याच्यासाठीच ऐकत असतो." तो गेल्यावर मी चौथ्यांदा लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत एकदाही मी पेपर छापायच्या आधी कोणाला वाचून दाखवला नव्हता.

टाचणी चादरीपुढे बसली. दिवे लागले, फ्रिज बंद झाला. एका वाक्याशी ती अडखळली.

"'ती आमची चूक' काय?" तिने विचारलं. "आमची म्हणजे कोणाचीच नाही असं वाटतं. बोलले मी आहे."

"लिहिलं मी."

"तुला कोण ओळखतं?" ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याकडे वळली.

ती जे बोलली ते असं होतं :

"मैत्रिणींनो, तीनही मशीनं सोडतीने दिली जाणार आहेत. तुम्ही कमेंटमध्ये काय लिहिलं, किती लिहिलं, यावर काही ठरणार नाही. कोणाची गरज मोठी हे आम्ही ठरवणार नाही. मागच्या व्हिडिओत मी म्हणाले, मशीन का हवं ते सांगा. त्यामुळे अनेकींना वाटलं की कारण बघून मशीन मिळेल. तसं नाही. ती माझी चूक आहे आणि मी माफी मागते.

"आता नीट ऐका. गुरुवारी दुपारी बारापर्यंत ज्यांनी कमेंट केली, त्यांची नावं आम्ही उतरवून घेतली आहेत. तुम्ही घरातलं काही लिहिलं असेल तर आत्ता जाऊन ते काढून टाका. काढलं तरी तुमचं नाव सोडतीत राहील. काही कमेंटी आम्हीच काढल्या आहेत, त्या बायकांच्या काळजीपोटी. त्यांचीही नावं सोडतीत आहेत. कोणाला नाव काढून हवं असेल तर खाली दिलेल्या पत्त्यावर मेल करा.

"नवीन भाग घ्यायचा असेल तर मागच्या व्हिडिओखाली 'सहभागी' एवढाच शब्द लिहा. मुदत तीच, रविवारी संध्याकाळी सहा. एका व्यक्तीचं नाव एकदाच. वय अठरा पूर्ण हवं. आमच्या घरचे आणि कंपनीत काम करणारे भाग घेऊ शकत नाहीत. काहीही विकत घ्यायचं नाही, चॅनल सबस्क्राइब केलाच पाहिजे असं नाही, व्हिडिओ कोणाला पाठवायचा नाही. निकाल सोमवारी संध्याकाळी सहाला इथेच. विजेतीने त्याच पत्त्यावर आम्हाला मेल करायचा. आम्ही तुम्हाला आधी मेसेज करणार नाही, पैसे मागणार नाही, ओटीपी मागणार नाही. कोणी मागितला तर ते आम्ही नाही. फोटोची सक्ती नाही. मशीन तुम्ही सांगाल त्या पत्त्यावर जाईल, तो तुमच्या घरचाच असला पाहिजे असं नाही. हे बक्षीस आम्ही आणि कंपनी देत आहोत, ज्या ठिकाणी तुम्ही हा व्हिडिओ बघता त्यांचा याच्याशी संबंध नाही."

जावईबापूंनी त्यात ना संगीत टाकलं ना उड्या मारणारी अक्षरं. प्रत्येक नियम बोलला जाताना तोच पडद्यावर लिहिलेला दिसत होता. मग त्यांनी जुन्या व्हिडिओतलं ते वाक्य कापायला टाकलं, त्याला काही तास लागतात म्हणाले, आणि तोवर त्या व्हिडिओखाली सगळ्यात वर नवीन व्हिडिओ बघायची सूचना लावून ठेवली.

लोक चिडले. चिडणारच. एकीने लिहिलं, आमच्या रडण्याची जाहिरात केलीत आणि आता चिठ्ठ्या काढता. मी तिला उत्तर दिलं, तुमचं बरोबर आहे. याहून जास्त मला काही सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत शंभरेक कमेंटी ज्यांच्या त्यांनी काढल्या. त्या आजारी मुलाच्या आईने आपली ठेवली. खाली लिहिलं, असू दे, खरंच आहे.

निळ्या फुलाकडून शुक्रवारी काही आलं नाही. मी दर दहा मिनिटांनी मेल उघडत होते. टाचणी म्हणाली, "ताई, डोळे फुटतील." तीही माझ्या खांद्यावरून बघतच होती.

शनिवारी दुपारी मेल आला.

"ताई, कमेंट दिसेना तेव्हा वाटलं माझं खोटं वाटलं तुम्हाला. मग व्हिडिओ बघितला. सगळं कळलं. माझं नाव सोडतीतून काढा. मशीन मिळालं तर कुठे ठेवू. नणंदेने कमेंट आधीच वाचली होती, तिच्या मैत्रिणीने दाखवली, गावाचं नाव होतं ना. तिने विचारलं हे तू लिहिलंस का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली मनगट दाखव. दाखवलं. ती काही न बोलता गेली. ती भावाला सांगेल की नाही माहीत नाही. आधी कळलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. तुमच्यावर राग नाही."

टाचणी रडली. मला रडू येईना. मला स्वतःचीच चीड आली होती. राग नाही, असं ती लिहीत होती. निदान ओरडायला तरी हवं होतं तिने.

आधी मी तिचं नाव यादीतून काढलं आणि काढलं असं कळवलं. मग विचारलं, हा मेल तुमच्याशिवाय कोणी बघतं का? तासाभराने उत्तर आलं, नाही, मी पाठवून पुसते. तेव्हा मी तिला बायकांसाठी असलेल्या मदत केंद्राचा फोन नंबर पाठवला. तो आधी स्वतः लावून बघितला, कोण उचलतं, कोणत्या वेळी उचलतं, नाव सांगावं लागतं का, हे सगळं विचारून घेतलं आणि तिला लिहिलं. पुन्हा पुसते, एवढंच तिने कळवलं.

रविवारी सहाला यादी बंद झाली. सोमवारी टाचणीने कॅमेऱ्यासमोर संगणकाकडून तीन क्रमांक काढून घेतले, क्रमांकापुढची नावं वाचली. एक सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ निघाले, त्यांना पडदे शिवायचे होते. आजारी मुलाच्या आईचं नाव निघालं नाही. खाली लोकांनी अभिनंदन लिहिलं आणि पाचजणींनी तोंडसुख घेतलं. साहेबांचा निरोप आला, छान झालं. पुढच्या कामाबद्दल त्यात काही नव्हतं. टाचणीने तो वाचून फोन उपडा ठेवला.

मी घरी आले. माझ्या घरात दोन खोल्या आहेत आणि मी एकटी राहते. आतल्या खोलीत पुस्तकं आणि जुने पेपर आहेत, ते कोणालाही नकोत. टाचणीने तिचं पहिलं मशीन मला ठेवायला दिलेलं आहे, जुनं आहे, पण चालतं. शनिवारपासून हे माझ्या डोक्यात होतं आणि मी ते लिहायला घाबरत होते. परक्या बाईला घरात घ्यायचं, तिच्यामागे कोण येईल सांगता येत नाही, आणि माझं वय बघता मी काय कोणाला अडवणार आहे. पण तिने कोणालाही न सांगितलेली गोष्ट माझ्या वाक्यामुळे बाहेर पडली होती. आता 'नियम खाली लिहिलेत' म्हणून मी हात झटकणार नव्हते.

मी लिहिलं : "मी टाचणीताईची मोठी बहीण. तुम्हाला फसवलं ते वाक्य माझं होतं. माझ्याकडे एक खोली आहे आणि चालणारं शिवणयंत्र आहे. तुमच्या गावाहून बसने दोन तास लागतात. मुलीला घेऊन या, हवं तितके दिवस राहा." खाली माझा पत्ता दिला आणि फोन नंबर. चारदा वाचलं, इस्त्रीवाला नव्हता म्हणून स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं, आणि पाठवलं.

उत्तर अर्ध्या तासात आलं. एकच ओळ होती.

"त्यासाठी मला काय लिहावं लागेल?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग लिहिलं, काही नाही. फक्त निघाल्यावर फोन करा, मी स्टँडवर येते.

आज बुधवार आहे. खोली रिकामी करून ठेवली आहे. फोन अजून आलेला नाही.